क्षीणनाच्या अटींवरून चेबिशेव्ह लो-पास फिल्टरची ऑर्डर काढणे, आणि तीच गरज बटरवर्थला किती महाग पडते

अॅनालॉग लो-पास फिल्टरची रचना करताना रोधक आणि संधारित्र निवडण्याच्या कितीतरी आधी एक पूर्णांक ठरवावा लागतो. हा पूर्णांक म्हणजे फिल्टरची ऑर्डर. सर्किटमध्ये किती टप्पे येणार, किती ऑप-अँप लागणार आणि घटकांची अचूकता किती हवी, हे सारे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. या लेखात पासबँडमध्ये समान उंचीचे रिपल असणाऱ्या चेबिशेव्ह फिल्टरची ऑर्डर क्षीणनाच्या अटींवरून कशी काढायची, हे एकाच उदाहरणाच्या आधारे पाहिले आहे. त्याच अटी पासबँडमध्ये सर्वाधिक सपाट राहणाऱ्या बटरवर्थ फिल्टरला लावून दोहोंची तुलनाही केली आहे. चेबिशेव्ह फिल्टरचा दुसरा प्रकारही असतो, ज्यात रिपल स्टॉपबँडमध्ये येतात. येथे तो विचारात घेतलेला नाही.

## पहिली पायरी: चार आकडे नेमके लिहून काढा

ऑर्डर काढण्यासाठी चार आकडे पुरतात. पासबँडची शेवटची वारंवारता fp, तिथपर्यंत चालणारे जास्तीत जास्त क्षीणन Ap, स्टॉपबँडची सुरुवातीची वारंवारता fs आणि तेथून पुढे मिळायलाच हवे असे किमान क्षीणन As, हे ते चार आकडे होत. आपल्या उदाहरणात उपयोगाचा संकेत १० किलोहर्ट्झपर्यंत आहे आणि त्यात १ डेसिबलपेक्षा जास्त घट चालणार नाही. नको असलेला संकेत २० किलोहर्ट्झपासून पुढे आहे आणि तो किमान ४० डेसिबलने दाबायचा आहे. व्होल्टेजच्या भाषेत सांगायचे तर पासबँडमध्ये आउटपुट आपल्या महत्तम मूल्याच्या सुमारे ०.८९ पटीखाली जाऊ नये, आणि स्टॉपबँडमध्ये ते शंभराव्या भागाहून अधिक उरू नये.

१० ते २० किलोहर्ट्झ या मधल्या पट्ट्याबद्दल आपण कोणतीच अट घातलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. फिल्टरला उतरण्यासाठी दिलेली ती जागा आहे. ती जितकी अरुंद कराल तितकी ऑर्डर वाढेल, आणि पुढे दिसेल की दोन्ही फिल्टरांत ती सारख्या वेगाने वाढत नाही.

क्षीणन कशाच्या तुलनेत मोजायचे, हेही याच पायरीवर ठरवावे. येथील सूत्रांमध्ये ते पासबँडमधील महत्तम गेनच्या तुलनेत धरलेले असते. बटरवर्थमध्ये शून्य वारंवारतेलाच गेन सर्वाधिक असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. चेबिशेव्हमध्ये मात्र ऑर्डर सम असेल तर शून्य वारंवारतेला गेन महत्तम नसून रिपलच्या तळाशी असतो. ऑर्डर विषम असेल तर तो माथ्यावर असतो. सम ऑर्डरचा फिल्टर बांधून शून्य वारंवारतेच्या गेनला शून्य डेसिबल मानले, तर रिपल खाली न जाता वर उचललेले दिसतात आणि नवशिक्याला आपले गणित चुकले असे उगीच वाटते.

## दुसरी पायरी: डेसिबलमधून ε आणि d

पासबँडमधील अटीवरून ε हा आकडा मिळतो, आणि दोन्ही अटी एकत्र केल्या की d मिळतो.

```
ε = sqrt(10^(Ap/10) - 1)
d = sqrt( (10^(As/10) - 1) / (10^(Ap/10) - 1) )
```

Ap = १ घातल्यास 10^0.1 म्हणजे १.२५८९, त्यातून एक वजा केल्यावर ०.२५८९ उरतात आणि त्याचे वर्गमूळ ε = ०.५०८८ येते. As = ४० घातल्यास 10^4 मधून एक वजा होऊन ९९९९ मिळतात. ९९९९ ला ०.२५८९२५ ने भागून वर्गमूळ घेतले की d = १९६.५१ येतो.

d चा अर्थ समजून घेतला तर पुढचे सूत्र पाठ करावे लागत नाही. दोन्ही फिल्टरांचे क्षीणन एकाच साच्यात लिहिता येते:

```
A(f) = 10 log10( 1 + ε² · F(f/fp)² )
```

येथे F हे असे फल आहे, ज्याची किंमत f = fp असताना बरोबर १ असते. म्हणून पासबँडच्या टोकाला क्षीणन नेमके Ap इतके येते. स्टॉपबँडच्या टोकाला As मिळवायचे असेल तर तेवढ्या अंतरात F ला १ पासून किमान d पर्यंत वाढावे लागते. आपल्या उदाहरणात वारंवारता दुप्पट होईपर्यंत F ने सुमारे १९७ पट व्हायला हवे. फिल्टर कोणत्याही प्रकारचा असला तरी ही मागणी तीच राहते. ती पूर्ण करण्याची पद्धत तेवढी बदलते.

या पायरीवर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घातांकात १० ऐवजी २० ने भागणे. व्होल्टेजचे डेसिबल काढताना २० वापरण्याची सवय असते, म्हणून हात तिकडे वळतो. पण येथे वर्गमूळ नंतर घेतले जाते, त्यामुळे आत शक्तीचे गुणोत्तरच हवे. २० ने भागून पाहिले तर d फक्त २८.५ च्या आसपास येतो आणि पुढे चेबिशेव्हची ऑर्डर ५ ऐवजी ४ निघते. ही चूक म्हणूनच घातक आहे. उत्तर वेडेवाकडे न येता अगदी विश्वास बसेल असे येते.

## तिसरी पायरी: चेबिशेव्हची ऑर्डर

चेबिशेव्ह फिल्टरमध्ये F ही n घाताची चेबिशेव्ह बहुपदी असते. रशियन गणिती पाफनुती चेबिशेव्ह यांनी या बहुपदी १८५४ च्या सुमारास मांडल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फिल्टर अस्तित्वातही नव्हते. −१ ते १ या पट्ट्यात या बहुपदीची किंमत −१ आणि १ यांच्या दरम्यान सारख्या उंचीने हेलकावत राहते, आणि त्या पट्ट्याबाहेर पडताच ती झपाट्याने वाढते. पट्ट्याच्या आत इतकीच मर्यादा पाळणाऱ्या त्याच घाताच्या कोणत्याही बहुपदीला पट्ट्याबाहेर याहून वेगाने वाढता येत नाही, असे सिद्ध झालेले आहे. चेबिशेव्ह फिल्टरला कमी ऑर्डर का पुरते, याचे कारण या गुणधर्मातच आहे. पासबँडमध्ये १ डेसिबलची जी सूट आपण दिली, ती तो टोकाशी एकदाच न वापरता संपूर्ण पट्ट्यात पुन्हापुन्हा वापरतो आणि त्या बदल्यात बाहेर तीव्र उतार मिळवतो.

x हे १ पेक्षा मोठे असताना या बहुपदीची किंमत cosh(n · acosh(x)) अशी लिहिता येते. x च्या जागी fs/fp घालून ही किंमत किमान d असली पाहिजे असे लिहिले, की n मोकळा होतो:

```
n ≥ acosh(d) / acosh(fs/fp)
```

कॅल्क्युलेटरवर acosh ची कळ नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही, कारण हे फल नैसर्गिक लॉगने काढता येते:

```
acosh(x) = ln( x + sqrt(x² - 1) )
```

आपल्या उदाहरणात acosh(१९६.५१) म्हणजे ५.९७३९ आणि acosh(२) म्हणजे १.३१७०. भागाकार ४.५३६ येतो. ऑर्डर पूर्णांक हवी आणि अट मोडता कामा नये, म्हणून ती वरच्या पूर्णांकावर न्यायची; n = ५. येथे जवळच्या पूर्णांकाचा नियम लागू नाही. भागाकार ४.०५ आला असता तरीही उत्तर ५ च असते.

वारंवारतांचे गुणोत्तर उलटे मांडले, म्हणजे fp/fs घेतले, तर x एकपेक्षा लहान होतो आणि acosh ला वास्तव उत्तरच नसते. कॅल्क्युलेटर चूक दाखवतो, ही चांगलीच गोष्ट आहे. बटरवर्थच्या सूत्रात हीच चूक केली तर ऑर्डर ऋण येते. fp आणि fs हर्ट्झमध्ये घेतले की रेडियन प्रति सेकंदात, याने गुणोत्तर बदलत नाही. फक्त दोन्ही एकाच एककात हवेत.

## चौथी पायरी: आलेली ऑर्डर बहुपदीत घालून तपासा

सूत्रातून आलेल्या ऑर्डरवर लगेच पुढची रचना उभी करू नये. तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि आधीच्या पायऱ्यांतील बहुतेक चुका तिच्यात सापडतात. पाचव्या आणि चौथ्या घाताच्या बहुपदी अशा आहेत:

```
C5(x) = 16x^5 - 20x^3 + 5x
C4(x) = 8x^4 - 8x^2 + 1
```

x = २ घातल्यास C5 ची किंमत ५१२ − १६० + १०, म्हणजे ३६२ येते. तिच्या वर्गाला ०.२५८९२५ ने गुणून त्यात १ मिळवला आणि लॉग घेऊन १० ने गुणले, की २० किलोहर्ट्झला ४५.३ डेसिबल क्षीणन मिळते. मागणी ४० ची होती. ती पुरी होते. C4 ची किंमत ९७ आणि क्षीणन ३३.९ डेसिबल येते, म्हणजे चार ऑर्डर पुरत नाही. एक कमी ऑर्डर अपुरी पडते आणि निवडलेली पुरते, असे दोन्ही बाजूंनी दिसले म्हणजे गणित बरोबर आहे असे निश्चिंतपणे म्हणता येते.

## पाचवी पायरी: त्याच अटी बटरवर्थला

ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेल्या फिल्टरमध्ये F म्हणजे केवळ x चा n वा घात असतो. त्यात मधले कोणतेही हेलकावे नाहीत. शून्य वारंवारतेजवळ आलेख शक्य तितका सपाट राहतो आणि क्षीणन वारंवारतेबरोबर सतत वाढत जाते. x चा n वा घात किमान d असावा, ही अट लॉग घेऊन सोडवली की सूत्र मिळते:

```
n ≥ log10(d) / log10(fs/fp)
```

d तोच, म्हणजे १९६.५१. त्याचा लॉग २.२९३४ आणि २ चा लॉग ०.३०१०, भागाकार ७.६१८ येतो, म्हणून n = ८. तपासणी केली तर आठ ऑर्डरला २० किलोहर्ट्झवर ४२.३ डेसिबल आणि सात ऑर्डरला ३६.३ डेसिबल मिळतात. म्हणजे चेबिशेव्हला जिथे ५ पुरल्या तिथे बटरवर्थला ८ लागतात. दोन सूत्रांत फरक एवढाच, की एकात acosh आहे तर दुसऱ्यात log; बाकी सर्व सारखे आहे.

पाच ऑर्डरचा बटरवर्थ घेतला असता तर २० किलोहर्ट्झवर केवळ २४.३ डेसिबल मिळाले असते. एकाच ऑर्डरच्या दोन फिल्टरांत २१ डेसिबलचा फरक कोठून आला, हे बहुपदीतच दिसते. C5 मधील सर्वांत मोठ्या पदाचा गुणक १६ आहे, तर बटरवर्थमध्ये तो १ आहे. सामान्यतः हा गुणक 2^(n-1) असतो. त्यामुळे पासबँडपासून खूप दूर गेल्यावर दोन्ही आलेख दशपट वारंवारतेमागे सारख्याच २०n डेसिबलच्या उताराने जातात, पण चेबिशेव्हचा आलेख सुमारे ६(n−१) डेसिबलने खाली राहतो. चेबिशेव्हचा उतार कायमच जास्त तीव्र असतो असे अनेकदा लिहिलेले आढळते. ते काटेकोर नाही. जादा तीव्रता पासबँडच्या टोकालगतच असते. पुढे फक्त आधीच मिळालेली आघाडी टिकते.

संगणकावर दोन्ही आकडे एकदम काढायचे असतील तर पायथनमधील या काही ओळी पुरतात:

```python
from math import acosh, log10, sqrt, ceil

Ap, As, fp, fs = 1, 40, 10e3, 20e3
d = sqrt((10**(As/10) - 1) / (10**(Ap/10) - 1))
nc = acosh(d) / acosh(fs/fp)
nb = log10(d) / log10(fs/fp)
print(nc, ceil(nc), nb, ceil(nb))
```

## तुलना जिथे फसते: ३ डेसिबलची वारंवारता

बटरवर्थ फिल्टरची कट-ऑफ म्हणून जी वारंवारता सांगितली जाते, ती ३ डेसिबल क्षीणनाची असते. चेबिशेव्हमध्ये बहुतेक कोष्टकांत कट-ऑफ म्हणजे रिपलची हद्द जिथे संपते ती वारंवारता, म्हणजे आपली fp. काही कोष्टके चेबिशेव्हलाही ३ डेसिबलवर बसवतात. कोष्टकाच्या शीर्षकात हे लिहिलेले असते आणि नेमके तेच वाचायचे राहते.

यातून होणारी चूक अशी. नवशिका बटरवर्थची कट-ऑफ सरळ १० किलोहर्ट्झ धरतो. त्यामुळे नकळत ε = १ होतो, d कमी होऊन १०० च्या जवळ येतो आणि ऑर्डर ६.६४ वरून ७ निघते. आठऐवजी सात मध्ये काम भागले असे वाटते. पण या फिल्टरला १० किलोहर्ट्झवर ३ डेसिबल घट आहे, तर आपली अट १ डेसिबलची होती. २० किलोहर्ट्झवरची मोजणी ४२ डेसिबल दाखवते, म्हणून चूक तिथे कळत नाही. ती पासबँडच्या टोकालाच मोजावी लागते.

बरोबर पद्धत अशी, की आधी n ठरवावा आणि मग कट-ऑफ काढावी. बटरवर्थसाठी पासबँडची अट नेमकी जुळवली तर कट-ऑफ अशी मिळते:

```
fc = fp / ε^(1/n)
```

n = ८ साठी ही १०.८८ किलोहर्ट्झ येते. स्टॉपबँडची अट नेमकी जुळवली तर तीच ११.२५ किलोहर्ट्झपर्यंत नेता येते, आणि मग १० किलोहर्ट्झवरची घट १ वरून सुमारे ०.६२ डेसिबलवर येते. या दोन मर्यादांच्या मध्ये कोठेही कट-ऑफ ठेवली तरी दोन्ही अटी पाळल्या जातात. एकच गणित दोन संगणक-प्रणालींत केल्यावर ऑर्डर सारखी पण कट-ऑफ वेगळी का येते, याचे उत्तर बहुधा हेच असते: एक प्रणाली पासबँडचे टोक जुळवते आणि दुसरी स्टॉपबँडचे. चेबिशेव्हची ३ डेसिबल वारंवारता हवीच असेल तर ती cosh(acosh(1/ε)/n) ला fp ने गुणून मिळते. आपल्या पाच ऑर्डरच्या फिल्टरसाठी ती १०.३४ किलोहर्ट्झ आहे. दोन्ही फिल्टरांची ३ डेसिबल वारंवारता एकच ठेवून केलेली तुलना चुकीची नसते, पण ती आपल्या अटींवरची तुलना नसते.

## सहावी पायरी: उरलेली शिल्लक कशावर खर्च करायची

४.५३६ चे ५ झाले, म्हणजे जवळजवळ अर्धी ऑर्डर आपल्याला न मागता मिळाली. बहुतेक शिकवण्या ऑर्डर काढून थांबतात, पण माझ्या मते रचनेतील खरा निर्णय येथे सुरू होतो. ही शिल्लक तीन ठिकाणी खर्च करता येते. पहिला पर्याय म्हणजे ती स्टॉपबँडमध्येच राहू देणे. मग ४० ऐवजी ४५.३ डेसिबल मिळतात. दुसरा म्हणजे उतरण्याची जागा आक्रसणे. ४० डेसिबल आता २० ऐवजी १८.०३ किलोहर्ट्झलाच गाठले जातात. तिसरा म्हणजे रिपल कमी करणे, आणि सहसा हाच सर्वांत शहाणपणाचा असतो.

रिपल किती कमी करता येईल हे सोपे आहे. २० किलोहर्ट्झवर नेमके ४० डेसिबल हवे असतील तर ε गुणिले ३६२ हे √९९९९ इतके असावे लागते. त्यावरून ε = ०.२७६ आणि रिपल ०.३२ डेसिबल मिळतो. म्हणजे ऑर्डर न वाढवता रिपल १ वरून ०.३२ डेसिबलपर्यंत उतरवता येतो. अगदी तळ गाठू नये, कारण मग स्टॉपबँडमध्ये घटकांच्या चुकीसाठी काहीच उरत नाही. मधला मार्ग म्हणून ०.५ डेसिबल घ्यावा: कोष्टके त्याची सहज मिळतात आणि २० किलोहर्ट्झवर ४२.० डेसिबल राहतात.

हा बदल केल्यावर तुलना पुन्हा करून पाहावी. Ap = ०.५ घातला की d वाढून २८६.३ होतो. चेबिशेव्हचा भागाकार ४.८२ येतो आणि ऑर्डर ५ च राहते. बटरवर्थचा भागाकार मात्र ८.१६ येतो, म्हणजे आता ९ ऑर्डर लागतात.

## कमी ऑर्डरची किंमत कोठे चुकवावी लागते

पाच विरुद्ध आठ हा आकडा पाहून चेबिशेव्ह सरसकट स्वस्त आहे असे म्हणता येत नाही. ऑर्डर टप्प्यांची संख्या ठरवते. प्रत्येक टप्पा किती नाजूक आहे, हे ती सांगत नाही. नाजूकपणा दुसऱ्या ऑर्डरच्या टप्प्याच्या Q वरून कळतो. पाच ऑर्डरच्या चेबिशेव्हमध्ये असे दोन टप्पे आणि एक साधा पहिल्या ऑर्डरचा टप्पा असतो. १ डेसिबल रिपल असताना त्यातील मोठा Q ५.५६ येतो, ०.५ डेसिबलला ४.५५ आणि ०.३२ डेसिबलला ४.०८. आठ ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये दुसऱ्या ऑर्डरचे चार टप्पे लागतात, पण त्यांतील सर्वांत मोठा Q केवळ २.५६ असतो.

Q जितका मोठा तितका संधारित्राच्या किमतीतील छोटा फरक आलेखात मोठा दिसतो, आणि तो नेमका पासबँडच्या टोकाशी दिसतो. शिवाय ५.५६ Q च्या टप्प्याचा स्वतःचा गेन १० किलोहर्ट्झच्या जवळ सुमारे १५ डेसिबल उंच उठतो. तो टप्पा साखळीत पहिला ठेवला तर त्याच्या आउटपुटला संकेत कापला जाऊ शकतो, जरी फिल्टरच्या अखेरच्या आउटपुटला सारे ठीक असायला हवे होते. म्हणून कमी Q चे टप्पे आधी आणि मोठ्या Q चा टप्पा शेवटी ठेवण्याची पद्धत आहे. रिपल कमी करण्याचा पर्याय शहाणपणाचा का म्हटला, तेही आता स्पष्ट होईल: त्याने पासबँड तर सुधारतोच, शिवाय Q देखील खाली येतो.

पॅसिव्ह फिल्टर, म्हणजे केवळ कॉइल आणि संधारित्र यांची शिडी बांधायची असेल तर सम-विषमाचा मुद्दा पुन्हा येतो. सम ऑर्डरच्या चेबिशेव्हला शून्य वारंवारतेलाच घट असावी लागते, आणि दोन्ही टोकांना समान रोध असलेल्या शिडीला ती देता येत नाही. अशा वेळी दोन्ही टोकांचे रोध असमान घ्यावे लागतात किंवा पुढच्या विषम ऑर्डरवर जावे लागते. बटरवर्थला ही अडचण नाही.

निवड कोणती करावी, हे उतरण्याच्या जागेवरूनही बरेचसे ठरते. क्षीणनाच्या त्याच १ आणि ४० डेसिबलच्या अटी ठेवून fs/fp ५ केले, तर चेबिशेव्हला ३ आणि बटरवर्थला ४ ऑर्डर लागतात. एका ऑर्डरच्या बचतीसाठी पासबँडमध्ये रिपल स्वीकारण्यात फारसे हशील नाही, तेथे मी बटरवर्थच घेईन. उलट fs/fp १.५ केले तर चेबिशेव्हचा भागाकार ६.२१ म्हणजे ऑर्डर ७ येते, आणि बटरवर्थचा भागाकार १३.०२ येऊन ऑर्डर १४ होते. तेथे बटरवर्थचा विचार सोडून दिलेला बरा. जाता जाता, या १३.०२ कडे नीट पाहावे. तेरा ऑर्डरला ३९.९२ डेसिबल मिळतात, म्हणजे अट फक्त ०.०८ डेसिबलने हुकते आणि सूत्र निर्विकारपणे १४ सांगते. भागाकार पूर्णांकाच्या किंचित वर आला तर ऑर्डर वाढवण्याआधी ती अट ज्याने लिहिली त्याला, ४० चा आकडा काटेकोर आहे की गोल करून लिहिला आहे, असे विचारावे.

## सातवी पायरी: बांधल्यावर रिपलची जागा मोजा

चेबिशेव्ह फिल्टर बरोबर बांधला गेला आहे का, हे केवळ fp आणि fs या दोन ठिकाणी मोजून कळत नाही. रिपलच्या जागा मात्र आधीच ठाऊक असतात, कारण त्या फक्त n आणि fp वर अवलंबून असतात. रिपल १ डेसिबल ठेवला की ०.५, याने त्या हलत नाहीत. पाच ऑर्डर आणि १० किलोहर्ट्झ असताना गेनचे माथे ०, ५.८८ आणि ९.५१ किलोहर्ट्झला, आणि तळ ३.०९, ८.०९ आणि १० किलोहर्ट्झला यायला हवेत. तिन्ही माथे एका उंचीचे आणि तिन्ही तळ एका खोलीचे असतील तर फिल्टर ठीक आहे.

९.५१ किलोहर्ट्झचा माथा बाकीच्यांपेक्षा उंच आला तर मोठ्या Q च्या टप्प्याचा Q ठरल्याहून जास्त झालेला असतो, आणि तो खाली बसला तर Q कमी पडलेला असतो. माथ्यांच्या उंची ठीक पण सगळ्याच जागा सारख्या प्रमाणात डावीकडे वा उजवीकडे सरकल्या असतील तर बहुधा सर्व संधारित्रांच्या किमती एकाच दिशेने ढळलेल्या असतात. फक्त शेवटचा माथा खालच्या वारंवारतेकडे सरकला, तर आधी त्या टप्प्यातील ऑप-अँपची बँडविड्थ पुरेशी आहे का ते पाहावे. अशा फिल्टरला मोजणी २० किलोहर्ट्झवर पुरेसे क्षीणन दाखवत असली, तरी १० किलोहर्ट्झवरील घट ठरलेल्या ०.५ डेसिबलच्या पुढे गेलेली असू शकते, आणि ज्या अटीवरून ε काढला होता तीच मोडलेली असते.